नॉमिनी पैसे हातात घेतो, पैसे कोणाचे ते मृत्युपत्र ठरवतं

प्रश्न: बाबा ७८ वर्षांचे, आई ७३. इंदुरात सुदामानगरला घर आहे, १९८८ साली बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं. दोन बँकांत मिळून ३६ लाखांच्या एफडी, सगळीकडे नॉमिनी दादा. बाबा म्हणतात, "नॉमिनेशन केलंय, आता मृत्युपत्र कशाला?" त्यांच्या मनात घर आईकडे राहावं आणि पैसे आम्हा तिघा भावंडांत सारखे वाटले जावेत असं आहे. दादाशी भांडण नाही. तरी मृत्युपत्र करावं का, आणि रजिस्टर केलं की काम संपलं का?

उत्तर:

मृत्युपत्र करावंच. नुसतं रजिस्टर केल्याने काम संपत नाही, हेही आताच सांगते. मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात तीस वर्षं दिवाणी वकिली करते आहे. माझ्याकडे येणाऱ्या वारसांच्या भांडणांपैकी बरीचशी अशा घरांतली असतात, जिथे वडील हयात असताना कोणाचंच कोणाशी भांडण नव्हतं.

लोकमान्यनगरमधलं एक कुटुंब होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. वडील सेवानिवृत्त शिक्षक. मागे पत्नी, दोन मुलगे आणि उज्जैनला दिलेली एक मुलगी. बँकेत २७ लाखांच्या एफडी. वडिलांनी २०१४ साली रजिस्टर्ड मृत्युपत्र केलं होतं आणि त्यात बँकेतली सगळी रक्कम पत्नीला लिहून ठेवली होती. पण एफडी केल्या तेव्हा धाकटा मुलगा सोबत गेला होता, म्हणून नॉमिनी म्हणून त्याचं नाव लागलं. ते नाव बदलायचं राहूनच गेलं. वडील गेल्यावर धाकट्याने मृत्यूचा दाखला, आधार आणि एफडीच्या पावत्या नेल्या. तीन आठवड्यांच्या आत २७ लाख त्याच्या खात्यात जमा झाले. त्याने ते आपल्या फ्लॅटच्या कर्जात भरून टाकले. दोन महिन्यांनी आईला कपाटात मृत्युपत्र सापडलं.

त्या मुलाने कोणाला फसवलं नव्हतं. माझ्यासमोर त्याने एफडीची पावती टेबलावर ठेवली आणि नॉमिनीच्या रकान्यातल्या आपल्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, बाबांनी स्वतः माझं नाव लिहिलंय. ह्याहून मोठा पुरावा काय?" बहुतेक घरांत हीच समजूत असते, आणि तुमच्या बाबांचीही हीच आहे.

नॉमिनेशन ही खातेदार आणि बँक यांच्यातली सोय आहे. बँकिंग रेग्युलेशन ॲक्टच्या कलम ४५ झेडए प्रमाणे खातेदार गेल्यावर बँकेने पैसे नॉमिनीच्या हाती दिले की बँक मोकळी होते. तिला पुन्हा कोणी विचारू शकत नाही. मात्र त्याच कलमात असंही म्हटलं आहे की, ज्याला पैसे मिळाले त्याच्यावरचा दुसऱ्या कोणाचा हक्क किंवा दावा यामुळे बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सरबती देवी प्रकरणात विमा पॉलिसीबद्दल, २०१० साली राम चंदर तलवार प्रकरणात बँकेच्या ठेवींबद्दल आणि २०२३ साली शक्ती येजदानी प्रकरणात शेअर्सबद्दल हीच गोष्ट सांगितली. ठेवींचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. मालक कोण हे मृत्युपत्रावरून ठरतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने.

आता त्या २७ लाखांचं बघा. मृत्युपत्र नसतं तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी असे चार सारखे वाटे झाले असते, प्रत्येकी ६ लाख ७५ हजार. मृत्युपत्र होतं, म्हणून सगळे २७ लाख आईचे. पण बँकेने दोन्ही परिस्थितींत २७ च्या २७ लाख धाकट्यालाच दिले असते. आईला स्वतःच्या मुलावर दावा लावावा लागला. मध्यस्थीत तडजोड झाली तोवर चार वर्षं गेली होती, आणि शेवटी २१ लाख हप्त्याहप्त्याने परत यायचं ठरलं. कागद तिच्या बाजूचे होते, तरी ६ लाख तिने सोडले, कारण मुलाशी आणखी लढायची तिची तयारी नव्हती.

यात एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. बाकीच्या वारसांनी बँकेला अर्ज दिला, वकिलाची नोटीस पाठवली, तरी बँक नॉमिनीचं पेमेंट थांबवायला बांधील नाही. कलम ४५ झेडबी प्रमाणे दुसऱ्या कोणाच्या दाव्याची सूचना बँकेला बंधनकारक होत नाही, न्यायालयाचा आदेश मात्र होतो. त्यामुळे रक्कम निघायच्या आत मनाई हुकूम आणला तरच ती थांबते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आहे. म्हणजे धावपळीला वेळ फारसा नसतोच.

म्हणून तुमच्या घरी पहिलं काम मृत्युपत्राचं नाही, नॉमिनेशन तपासायचं आहे. बाबांसोबत दोन्ही बँकांत जा आणि प्रत्येक एफडीची स्वतंत्र चौकशी करा. बचत खात्याला लावलेलं नाव एफडीला आपोआप लागलेलंच असेल असं नाही, आणि नूतनीकरण करताना किंवा मोबाइलवरून नवी एफडी काढताना नाव राहून जातं. पावतीवर नॉमिनेशन नोंदल्याचा शिक्का नुसता नको, नाव छापून मागा. एफडी आई-बाबांच्या संयुक्त नावाने "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असेल तर एकाच्या मागे पैसे हयात असलेल्या दुसऱ्याकडे जातात, आणि नॉमिनीचा प्रश्न दोघांच्याही नंतरच येतो. हे आधी पाहून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

एफडी एकट्या बाबांच्या नावावर आहेत असं धरते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. एकतर एकाच वेळी सगळे, आणि प्रत्येकाचा टक्का लिहून, बेरीज शंभर. नाहीतर एकामागून एक, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक. तुमच्यासारख्या घराला हा बदल फार उपयोगाचा आहे, कारण नॉमिनेशन आणि मृत्युपत्र आता तंतोतंत जुळवता येतं.

इथे मी बाबांच्या इच्छेबद्दल थोडं बोलणार आहे. घर आईला आणि सगळे पैसे मुलांना, ही वाटणी ऐकायला चांगली वाटते. पण ७३ वर्षांच्या बाईच्या हाती घर आहे आणि दवाखान्यासाठी मुलांपुढे हात पसरावा लागतोय, असं मी पाहिलं आहे. आईला पुरेशी फॅमिली पेन्शन मिळणार असेल तर वेगळी गोष्ट. नसेल तर ४० टक्के आईला आणि २०-२० टक्के तिघांना असा विचार बाबांपुढे मांडा. ३६ लाखांत १४ लाख ४० हजार आईचे आणि ७ लाख २० हजार प्रत्येक मुलाचे होतात. नॉमिनेशनमध्ये हेच टक्के, मृत्युपत्रातही हेच टक्के. मग बँकेतून प्रत्येकाच्या खात्यात जेवढं येईल तेवढं त्याच्याच हक्काचं असेल. कोणी कोणाकडे मागायला जायचं कारण उरणार नाही, आणि दादावरही सगळ्यांचे पैसे सांभाळायचं ओझं येणार नाही.

घराची गोष्ट निराळी आहे. साध्या रजिस्ट्रीच्या घराला नॉमिनेशन नावाची गोष्टच नसते. गृहनिर्माण संस्थेचा प्लॉट असेल तर संस्थेच्या रजिस्टरमध्ये नॉमिनीचं नाव असतं, पण ते संस्थेने सदस्य म्हणून कोणाला घ्यायचं एवढ्यापुरतं. मालकीचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणजे बाबा ज्या नॉमिनेशनच्या भरवशावर आहेत ते घराला लागूच होत नाही. मृत्युपत्राविना घर आई आणि तुम्ही तिघं अशा चौघांत सारखं वाटलं जाईल. आईचा पाव हिस्सा. विकायचं असो, गहाण ठेवायचं असो, चौघांच्या सह्या लागतील. सगळं आईच्या नावावर करायचं ठरवलं तर तिघांना रजिस्टर्ड हक्कत्याग लिहून द्यावा लागेल आणि त्यावर स्टॅम्प ड्यूटी भरावी लागेल. मृत्युपत्रावर स्टॅम्प ड्यूटी नाही, नोंदणीची फी तेवढी लागते.

बाबांनी घर स्वतःच्या पगारातून घेतलंय हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते बरं केलंत. स्वकष्टार्जित मालमत्ता ते कोणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जित असती तर फक्त आपल्या हिश्श्यापुरतं लिहिता आलं असतं. मृत्युपत्रात "हे घर मी अमुक तारखेच्या विक्रीपत्राने स्वतःच्या उत्पन्नातून घेतले आहे" हे वाक्य त्या रजिस्ट्रीच्या क्रमांकासह घाला.

घराच्या कलमात शब्द फार जपून वापरायला हवेत. लोक सहज लिहितात, "माझ्यानंतर घर पत्नीचे, व पत्नीनंतर तिन्ही मुलांचे." आता आईला घर पूर्ण मालकीने दिलं की फक्त हयातभर राहायला? पूर्ण मालकीने दिलं असेल तर ते विकायचा, दान करायचा, कोणालाही लिहून द्यायचा हक्क तिचा होतो, आणि पुढचं "मुलांचे" हे वाक्य टिकत नाही. फक्त हयातभर दिलं असेल तर ती राहू शकते, भाडं घेऊ शकते, पण गरज पडली तरी विकू शकत नाही. या एका वाक्यावरून भावंडांत वर्षानुवर्षं खटले चालतात. बाबांना दोनपैकी नेमकं काय हवंय ते त्यांनाच विचारा आणि तसं उघड लिहा: "पूर्ण मालकी हक्काने, विक्रीच्या अधिकारासह," किंवा "फक्त हयातभर राहण्याचा व भाडे घेण्याचा हक्क, विक्रीचा अधिकार नाही." माझा कल आईला पूर्ण मालकी देण्याकडे असतो. तिने मग स्वतःचं मृत्युपत्र वेगळं करावं. आई बाबांच्या आधी गेली तर घर कोणाचं, हे वाक्यही लागतं, ते बहुतेक जण विसरतात.

एफडीच्या कलमात उलट करा, नंबर लिहू नका. एफडी मुदत संपली की नव्या नंबरने पुन्हा होते, आणि मृत्युपत्रातला नंबर मग कुठेच सापडत नाही. "माझ्या मृत्यूसमयी कोणत्याही बँकेत माझ्या नावे असलेली सर्व रक्कम" असं लिहा, टक्के लिहा, आणि त्याखाली "नॉमिनी म्हणून कोणाचेही नाव असले तरी ही रक्कम वरीलप्रमाणेच वाटावी" हे वाक्य घाला. बँक त्यावरून थांबणार नाही, पण नंतर न्यायालयापुढे बाबांचं मन काय होतं हे स्पष्ट राहील. शेवटी "वर उल्लेख न केलेली इतर सर्व मालमत्ता" कोणाला, हेही लिहा. सोनं, स्कूटर, खात्यात नंतर आलेली पेन्शनची थकबाकी असं सगळं त्यात येतं.

आता नोंदणीकडे वळते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, सक्तीची नाही. साध्या कागदावरचं, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्रही पूर्ण वैध असतं. आणि रजिस्टर्ड मृत्युपत्रानंतर बाबांनी साध्या कागदावर दुसरं केलं, तर नंतरचं लागू होतं. मग नोंदणी का करायची? कारण उपपंजीयक कार्यालयात बाबा स्वतः हजर होते, त्यांचा फोटो आणि अंगठा घेतला गेला, अमुक दिवशी त्यांनी हा कागद आपला म्हणून कबूल केला, याची सरकारी नोंद राहते. मूळ कागद हरवला किंवा कोणी दाबून ठेवला तरी नक्कल मिळते. बाबा हयात असेपर्यंत ती नक्कल फक्त त्यांना किंवा त्यांच्या मुखत्याराला मिळते, त्यामुळे आत काय लिहिलंय ते घरात आधी फुटत नाही.

पण नोंदणी म्हणजे सिद्धता नव्हे. कोणी हरकत घेतली की मृत्युपत्र साक्षीदाराच्या जबानीनेच सिद्ध करावं लागतं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम ६३ म्हणतं की किमान दोन साक्षीदारांनी मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेलं किंवा ही सही आपली असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि त्यांनी त्याच्यासमोर सही केलेली असावी. साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात येऊन हे सांगावं लागतं. माझ्या एका प्रकरणात मृत्युपत्र रजिस्टर्ड होतं, शिक्के होते, फोटो होते. दोन्ही साक्षीदार मात्र दस्तलेखकाच्या टेबलाजवळ उभे असलेले लोक होते, त्याच दिवशी सांगून आणलेले. अकरा वर्षांनी आम्ही त्यांना शोधायला निघालो, तेव्हा एक वारला होता आणि दुसऱ्याच्या पत्त्यावर त्या नावाचा माणूस कोणालाच माहीत नव्हता. मग सह्यांचं अक्षर ओळखणारी माणसं शोधत बसावं लागलं. निकाल आमच्या बाजूने लागला, पण जे काम एका दुपारी व्हायचं त्याला अडीच वर्षं लागली.

म्हणून साक्षीदार घरच्या ओळखीचे, बाबांपेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, इंदुरात स्थायिक, आणि मृत्युपत्रात ज्यांना काहीच मिळत नाही असे निवडा. बाबांचे नेहमीचे डॉक्टर तयार असतील तर एक साक्षीदार तेच असू द्या. "हे मानसिकदृष्ट्या सक्षम आहेत" असा दाखला त्याच तारखेचा त्यांच्याकडून घ्या. त्या दिवशी दादाने बाबांना गाडीतून नेलं तरी आत टेबलाशी लाभार्थ्यांपैकी कोणी उभं राहू नका. "ज्याला मिळालं त्यानेच नेऊन सही घेतली" हा मृत्युपत्रावरचा नेहमीचा आणि सर्वांत जड आक्षेप आहे. बाबांच्या हाताला कंप असेल, सही पूर्वीसारखी येत नसेल, तर प्रत्येक पानावर सहीबरोबर अंगठाही घ्या. जिना चढवत नसेल तर उपपंजीयक घरी येऊन नोंदणी करू शकतात, त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो.

भाषेचं एक सांगते, महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हे सुचत नाही. मराठीत लिहिलेलं मृत्युपत्र वैध आहे, पण इथल्या कार्यालयात नोंदवायचं असेल तर सोबत हिंदी भाषांतर मागतात. मग दोन मजकुरांत शब्दाचा फरक पडला की त्यावर वाद. सरळ हिंदीत करा, आणि मजकूर बाबांना वाचून दाखवला, मराठीत समजावला आणि त्यांना तो मान्य आहे, हे वाक्य आत येऊ द्या.

पुढचा प्रसंग केव्हातरी येणारच, तेव्हाचंही सांगून ठेवते. मृत्युपत्रावरून मालकी मिळाली तरी नगरनिगमच्या रेकॉर्डला आईचं नाव चढवायला नामांतरण करावं लागतं. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची नक्कल, शपथपत्र लागतं, आणि आक्षेप मागवण्यासाठी जाहीर सूचना निघते. आक्षेप आला नाही तर काम होतं. एकाही वारसाने आक्षेप घेतला तर वाद दिवाणी न्यायालयात जातो, आणि मग वर सांगितलेले साक्षीदार लागतात. इंदुरातल्या हिंदू कुटुंबाच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नाही. मुंबईचा एखादा नातेवाईक "प्रोबेटशिवाय काही होत नाही" असं सांगेल, तो तिथल्या २०२५ पर्यंतच्या अनुभवाचं सांगतो आहे.

नॉमिनी न लावलेली एखादी एफडी निघाली तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोप्या पद्धतीने काम होतं. त्यापुढे न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला मागतात. न्यायालयातून प्रमाणपत्र काढायला सहा-आठ महिने सहज जातात आणि न्यायशुल्कही बरंच लागतं.

तुम्ही बाबांकडे हा विषय काढाल तेव्हा दादाला सोबत बसवा. नॉमिनेशन बदलणं हा त्याच्यावरचा अविश्वास नाही, हे बाबांच्या तोंडून त्याला कळू द्या. आधी एफडीच्या पावत्या आणि १९८८ ची रजिस्ट्री एका फाइलीत काढून ठेवा. ती फाइल समोर असली की वकिलाला मसुदा करायला फार वेळ लागत नाही.